विश्लेषण : माचीवर डरकाळी, बालेकिल्ल्यात नम्रता, ‘अलमट्टीमुळे कोल्हापूर बुडते’ हे वाक्य वादात कसे बदलते?

जुलै उजाडला, राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी इशारा पातळीकडे, म्हणजे ३९ फुटांकडे सरकू लागली की कोल्हापुरात एक वाद हमखास सुरू होतो. तालमीच्या कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर, दूध संस्थेच्या दारात साधारण असे बोलणे कानावर पडते.

‘‘आलमट्टी भरून ठेवलीया, म्हणून आपण बुडतोय.’’

‘‘मामा, धरण दोनशे किलोमीटरच्या पलीकडं, ते बी आपल्यापेक्षा खाली. तिथलं पाणी चढण चढून पंचगंगेत कसं येणार?’’

‘‘पाणी चढतंय असं कुठं म्हटलं रं मी? पर फुगवट्यानं थोडा तरी फरक पडत असंल का न्हाई, एवढंच माझं म्हणणं.’’

‘‘थोडा पडत असंल की.’’

‘‘मग! तेच सांगतोय कवापासनं. आलमट्टीमुळंच बुडतोय आपण.’’

यात कोणी खोटे बोललेले नाही, कोणाचा आवाजही चढलेला नाही. तरीही चार वाक्यांत काहीतरी निसटले. मामांनी सुरुवातीला केलेला दावा मोठा होता. प्रश्न येताच त्यांनी एक लहान दावा पुढे केला. समोरच्याने लहान दावा मान्य करताच मामा मोठा दावा सिद्ध झाल्यासारखे पुन्हा मूळ जागी येऊन बसले. मोठ्या दाव्याला पुरावा मिळाला नाही तो नाहीच, पण तो मिळाल्याचे समाधान मात्र सर्वांना झाले. वादातल्या या चालीला तर्कशास्त्रात एक नाव आहे आणि ते किल्ल्यांवरून आले आहे. कोल्हापूरकरांना ते समजायला फारसे कठीण जाऊ नये.

नाव किल्ल्यावरून कसे?

निकोलस शॅकल या तत्त्वज्ञाने २००५ मध्ये एका निबंधात या चालीला ‘मॉट अँड बेली’ असे नाव दिले. अकराव्या शतकात नॉर्मन लोकांनी इंग्लंडमध्ये जे किल्ले बांधले, त्यांतल्या अनेकांची रचना दोन भागांची होती. एक मातीचा उंच, अरुंद टेकाड आणि त्यावर बुरूज, हा मॉट. त्याच्या पायथ्याशी लाकडी कुंपणाने वेढलेले मोठे आवार, ही बेली. घरे, तबेले, कोठारे, माणसांची वर्दळ असे सगळे या आवारात असे. राहायला जागा तीच चांगली. पण शत्रू चालून आला की ती राखणे अवघड, म्हणून मंडळी टेकाडावर चढत. तिथे दाटीवाटीने, अंधारात राहणे कुणाला आवडत नसे, पण ती जागा जिंकणे कठीण असे. शत्रू कंटाळून निघून गेला की सगळे पुन्हा खाली आवारात.

आपल्याकडे याला जवळचे शब्द आहेत माची आणि बालेकिल्ला. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आहेत आणि मधोमध सरळसोट कड्यावरचा बालेकिल्ला. आपल्या माच्यांनाही भक्कम तटबंदी असते, संजीवनी माची तर लढण्यासाठीच बांधलेली. त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण एक जागा ऐसपैस, दुसरी अडचणीची पण अभेद्य, एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे.

वादात माची म्हणजे तो मोठा, आकर्षक दावा, ज्याच्यावर घोषणा देता येतात, मते मागता येतात, कुणाकडे तरी बोट दाखवता येते. बालेकिल्ला म्हणजे तो छोटा, मवाळ दावा, जो कुणीच सहसा नाकारत नाही. खरी मेख तिसऱ्या टप्प्यात आहे. हल्ला झाला की बालेकिल्ल्यात जायचे आणि हल्लेखोर वळला की पुन्हा माचीवर यायचे. नुसती माघार हा दोष नव्हे. माघार घेऊन, काही न घडल्यासारखे परत येणे हा दोष.

शॅकल यांच्यासमोर उत्तर-आधुनिक विचारांचे काही लेखक होते. ‘सत्य हे समाजाने घडवलेले असते’ असे ठणकावून सांगायचे, आणि ‘मग पृथ्वी गोल आहे हेही समाजाने ठरवले काय?’ असे कुणी विचारले की ‘आपल्या समजुतींवर समाजाचा प्रभाव असतो, एवढेच आम्ही म्हणतो’ असे उत्तर द्यायचे, अशी त्यांची तक्रार होती. दुसरे वाक्य खरे आहे, पण ते सांगायला ग्रंथ लिहावा लागत नाही. पहिले वाक्य खरे असते तर खळबळ उडाली असती, पण त्याला आधार नाही. दोन्ही वाक्ये एकाच शब्दांच्या आडोशाला ठेवली की खळबळही मिळते आणि सुरक्षितताही.

अलमट्टीच्या वादात नेमके किती दावे आहेत?

आता आपल्या दारातले उदाहरण नीट उलगडून पाहू. ‘अलमट्टीमुळे पूर येतो’ या एका वाक्यात किमान तीन वेगवेगळे दावे दडलेले आहेत.

पहिला दावा असा की अलमट्टीत पाणी साठवल्यामुळे कोल्हापूर शहर बुडते, म्हणजे धरण नसते तर २०१९ आणि २०२१ चे महापूर आले नसते. ही माची.

दुसरा दावा असा की महापुराच्या दिवसांत अलमट्टीची पातळी चढी ठेवली आणि विसर्ग वेळेवर वाढवला नाही, तर कृष्णेच्या खालच्या टप्प्यातला, म्हणजे शिरोळ तालुक्याच्या टोकाकडचा पूर ओसरायला उशीर होऊ शकतो. हा बालेकिल्ला.

तिसरा दावा आजच्या धरणाबद्दल नाहीच. अलमट्टीची उंची वाढवली तर पुढे धोका वाढेल, असा तो आहे. सध्या धरणाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६० मीटर आहे. ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची मुभा कृष्णा पाणीवाटप लवादाने २०१० च्या निवाड्यात कर्नाटकला दिली. म्हणजे सुमारे साडेचार मीटरहून अधिक, जवळपास पंधरा फुटांची वाढ. कर्नाटक सरकार त्या दिशेने पावले टाकत आहे आणि महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये त्याला जाहीर विरोध नोंदवला.

हे तिन्ही दावे वेगळे आहेत, त्यांना लागणारा पुरावा वेगळा आहे आणि त्यातून निघणारी मागणीही वेगळी आहे. पहिल्यातून ‘धरण दोषी’ असा निष्कर्ष निघतो. दुसऱ्यातून ‘दोन राज्यांनी पावसाळ्यातल्या पातळ्या आणि विसर्ग एकमेकांना विचारून ठरवावेत’ अशी मागणी निघते. तिसऱ्यातून ‘फुगवट्याचा स्वतंत्र अभ्यास झाल्याशिवाय उंची वाढवू नये’ अशी. कट्ट्यावर मात्र तिन्हींना एकच नाव असते, आणि ते म्हणजे ‘अलमट्टी’.

माचीवरचा दावा तपासला तर काय दिसते?

पंचगंगेचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीच्या परिसरात एकत्र येते. तिथून नदी कोल्हापूर शहराला वळसा घालून शिरोळ तालुक्यात उतरते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा पुढे राजापूर बंधाऱ्यावरून कर्नाटकात शिरते, वाटेत हिप्परगी बंधारा लागतो आणि त्यानंतर कितीतरी खाली अलमट्टी. कोल्हापूरपासून नदीच्या वाटेने हे अंतर दोनशे किलोमीटरहून अधिक भरते.

आता उंची पाहा. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट आहे. हे फूट बंधाऱ्याच्या मोजपट्टीवरचे. समुद्रसपाटीपासून मोजले तर पुराच्या वेळी शहराजवळचे पाणी ५४० मीटरहून अधिक उंचीवर असते. अलमट्टी काठोकाठ भरली तरी तिचे पाणी ५१९.६० मीटरवर. म्हणजे कोल्हापुरातले पुराचे पाणी धरणातल्या पाण्यापेक्षा किमान वीस मीटर, साधारण सहा मजली इमारतीइतके उंच आहे. स्थिर पाण्याचा विचार केला तर ते पाणी शहरापर्यंत ‘येण्याचा’ प्रश्नच उद्भवत नाही.

पण पुराचे पाणी स्थिर नसते, आणि फुगवट्याचा मुद्दा इथेच सुरू होतो. वाहत्या नदीच्या तोंडाशी पाणी अडले की मागच्या पाण्याचा उतार कमी होतो, वेग मंदावतो आणि पातळी थोडी चढते. हा परिणाम धरणाच्या जलाशयाच्या टोकाशी सर्वाधिक असतो आणि जसजसे नदीच्या वरच्या अंगाला जावे तसतसा विरत जातो. तो नेमका कुठपर्यंत पोहोचतो, हे नदीचा उतार, पात्राची रुंदी, गाळ, मधले पूल आणि बंधारे आणि त्या दिवशी येणारे पाणी यांवर ठरते. म्हणूनच शिरोळच्या शेतकऱ्याचा प्रश्न आणि कोल्हापूर शहरातल्या दुकानदाराचा प्रश्न एक नाही. शिरोळ कृष्णेच्या काठावर, खालच्या अंगाला आणि सपाट प्रदेशात आहे. शहर बरेच वर आहे.

आणखी एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. फुगवटा फक्त धरणामुळे येत नाही. कोयना आणि वारणेच्या खोऱ्यात एकाच वेळी धुवाधार पाऊस झाला की कृष्णा नृसिंहवाडीला पोहोचेपर्यंतच तुडुंब झालेली असते. मग पंचगंगेचे पाणी तिच्यात सहज उतरत नाही, ते मागे तुंबते. शिरोळमध्ये लोक ज्याला ‘फुगवटा’ म्हणतात, त्यात या नैसर्गिक तुंबण्याचा वाटा असतो, आणि तो धरण नसते तरी असताच. धरणाचा वाटा किती, हे त्यातून वेगळे काढण्यासाठी आकडेमोड लागते, घोषणा पुरत नाही.

२०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारने जलसंपदा विभागाचे निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२० मध्ये आलेल्या तिच्या अहवालात महापुराला अलमट्टी आणि हिप्परगी जबाबदार नसल्याचे म्हटले होते आणि अतिवृष्टी तसेच नदीपात्रातल्या आणि पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवले होते. अनेक पूरग्रस्तांना आणि चळवळीतल्या कार्यकर्त्यांना हा निष्कर्ष मान्य नाही, त्यावर टीकाही झाली. टीका करण्याचा त्यांना अधिकार आहे. पण टीका करताना आपण कोणत्या दाव्याच्या बाजूने बोलतो आहोत, हे सांगितले जात नाही, ही अडचण आहे.

समोरची बाजू धुतल्या तांदळासारखी आहे का?

नाही. हीच चाल उलट बाजूनेही तितक्याच सफाईने खेळली जाते. ‘अलमट्टीचा पुराशी काडीमात्र संबंध नाही’ असे वाक्य तिकडच्या माचीवर उभे असते. शिरोळमधला एखादा माणूस विचारतो की, मग विसर्ग वाढवल्यावर आमच्याकडचे पाणी लवकर उतरते असा आमचा अनुभव का? तेव्हा उत्तर येते की, ‘धरण हे मुख्य कारण नाही, असे समितीचा अहवाल सांगतो.’ मुख्य कारण नाही, हा बालेकिल्ला. तो मान्य झाला की बैठक संपल्यावर पुन्हा ‘काडीमात्र संबंध नाही’ हेच वाक्य फिरू लागते. आणि त्याच्या जोरावर, ५१९.६० मीटरच्या धरणाबद्दल काढलेला निष्कर्ष ५२४.२५६ मीटरच्या धरणालाही लागू करून टाकला जातो. जुन्या पातळीने पूर आला नाही म्हणून नव्या पातळीनेही येणार नाही, हे त्या निष्कर्षातून निघत नाही. तो स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याचा अभ्यासही स्वतंत्र हवा. अलमट्टी दोषी नाही असे सांगणारी समिती नेमणाऱ्याच राज्याने उंचीवाढीला विरोध करावा, यात काहींना विसंगती दिसते. दावे वेगळे काढले की ती विसंगती उरत नाही.

आणि आपल्या शहरातली माची?

या चालीचे सर्वांत महागडे उदाहरण मात्र शहराच्या हद्दीतच आहे. पूररेषा आखताना निळी आणि लाल अशा दोन रेषा धरल्या जातात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने दाखवली जाते, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधली जागा बांधकामासाठी निषिद्ध, आणि निळी ते लाल यांमधल्या जागेवर निर्बंध. ही जागा मोकळी ठेवायची ती पूर पसरावा म्हणून. नदीला जेवढी जागा आडवी मिळते, तेवढी तिची उभी पातळी कमी चढते.

या जागेत भराव टाकून बांधकाम करणाऱ्याचे म्हणणे काय असते? ‘भरावाने पुराला काही फरक पडत नाही.’ ही माची. कुणी विचारले की पाणी मग जाणार कुठे, तर उत्तर ठरलेले असते. ‘अहो, एका इमारतीने कुठे पूर येतो का?’ हा बालेकिल्ला, आणि तो खराच अभेद्य आहे. एका इमारतीने पूर येत नाही. पण परवानगी एका इमारतीपुरती मागितलेली नसते. तेच वाक्य शेजारचाही म्हणतो, पुढच्या गल्लीतलाही म्हणतो. प्रत्येक जण आपापल्या बालेकिल्ल्यात सुरक्षित राहतो आणि सगळ्यांची मिळून माची नदीच्या पात्रात उभी राहते.

२०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली. दोन्ही वेळा पुणे-बंगळूरु महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला. दोन वर्षांच्या अंतराने असे दोन महापूर पाहिलेल्या शहरात, पाणी ओसरल्यावरची पहिली चर्चा निळ्या रेषेच्या आतल्या भरावाबद्दल व्हायला हवी होती. चर्चा जास्त झाली ती अलमट्टीची. मोठ्या दाव्याचा हा एक फायदा असतो. तो दोष दोनशे किलोमीटर लांब, दुसऱ्या राज्यात नेऊन ठेवतो. तिथे आपल्या नगरसेवकाला, आपल्या बिल्डरला, आपल्या स्वतःच्या कुंपणाच्या भिंतीला कुणी प्रश्न विचारत नाही.

या चालीने नुकसान कुणाचे होते?

वरवर पाहता माचीवरचा दावा आपल्या बाजूचा आहे, मग तो थोडा फुगवला तर बिघडले कुठे, असे अनेकांना वाटते. माझे मत असे की सर्वांत जास्त बिघडते ते बालेकिल्ल्यातल्या खऱ्या माणसाचेच.

शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याचा दावा लहान आहे, पण टिकणारा आहे. पावसाळ्यात धरणाच्या पातळीवर मर्यादा हवी, विसर्गाची माहिती तासागणिक मिळावी, उंची वाढवण्याआधी फुगवट्याचा अभ्यास व्हावा, या त्याच्या मागण्या आहेत. ऊस आठ-दहा दिवस पाण्याखाली राहिला तर वाचत नाही. दोन दिवस लवकर पाणी उतरले तर फरक पडतो. त्याच्यासाठी ‘थोडा तरी फरक’ हा शब्दांचा खेळ नसून वर्षाच्या उत्पन्नाचा प्रश्न आहे. पण लवादासमोर, न्यायालयात किंवा दोन राज्यांच्या बैठकीत हा विषय ‘अलमट्टीमुळे कोल्हापूर बुडते’ या मथळ्याखाली गेला, तर समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत उंचीचे आकडे मांडून तो मथळा खोडून काढतो. मथळा पडला की त्याच्या आडोशाला ठेवलेला लहान, खरा दावाही त्याच्याबरोबर पडतो. किल्ल्याच्या भाषेत सांगायचे तर माची राखण्याच्या हट्टापायी बालेकिल्ला गमावला जातो.

म्हणून शिरोळच्या बाजूने लढणाऱ्यांनीच हे तीन दावे सर्वांत आधी वेगळे करायला हवेत. त्यांना माचीची गरज नाही. त्यांचा बालेकिल्ला पुरेसा आहे.

ही चाल ओळखायची कशी?

पहिली खूण म्हणजे तो ‘एवढंच’. ‘आमचं म्हणणं एवढंच की…’ या शब्दांनी सुरू होणारे वाक्य मागच्या वाक्यापेक्षा लहान झाले आहे का, ते पाहावे. झाले असेल तर वाद घालू नये, फक्त विचारावे, ‘मग आधीचं वाक्य मागे घेतलं असं समजू का?’ प्रामाणिक माणूस एक तर हो म्हणतो किंवा आधीच्या वाक्याचा पुरावा देतो. चाल खेळणारा माणूस या प्रश्नावर चिडतो.

दुसरी खूण काळाची. एका बैठकीत ही चाल पकडता येत नाही. माघार घेणारा माणूस खरोखरच पटून माघार घेत असेल. पुढच्या आठवड्यात, नव्या श्रोत्यांसमोर तो काय बोलतो, हे पाहावे लागते. लहान दाव्यावर टिकून राहिला तर त्याने मत सुधारले, आणि मत सुधारणाऱ्याला टोमणे मारणे हा उद्धटपणा आहे. मोठा दावा पुन्हा डरकाळी फोडत आला तर शंका घ्यायला जागा आहे.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी खूण म्हणजे मागणी. माणूस मागतो काय आहे, ते पाहा आणि पुरावा कशाचा देतो आहे, तेही पाहा. पुरावा ‘थोडा फरक पडतो’ याचा आणि मागणी ‘सगळा दोष त्यांचाच धरा’ याची, असे असेल तर मधली फट दिसते. भरावाच्या बाबतीत पुरावा एका इमारतीचा आणि परवानगी सगळ्यांसाठी, ही तीच फट.

आरोप करताना सावधगिरी कुठे?

हे नाव हाती लागले की ते सगळीकडे चिकटवण्याचा मोह होतो. तीन ठिकाणी तो आवरावा.

पहिले, दोन वेगवेगळ्या माणसांचे दावे एकाच्या गळ्यात घालू नयेत. मोर्चातल्या फलकावर एक वाक्य आणि त्याच संघटनेच्या अभ्यासकाच्या निवेदनात दुसरे वाक्य असेल, तर ती एका माणसाची लबाडी ठरत नाही. संघटनेत दोन मते असू शकतात. प्रश्न विचारायचा तो एवढाच की अभ्यासकाचे निवेदन फलकाला कधी दुरुस्त करते का.

दुसरे, कट्ट्यावरचे बोलणे आणि शपथपत्रातले बोलणे यांत फरक करावा. घरात गुडघाभर पाणी असताना माणूस मोठ्या आवाजात बोलणारच. वर लिहिलेल्या संवादातले मामा लबाड नाहीत. आपले वाक्य मधेच बदलले, हे त्यांच्याही ध्यानात आलेले नाही. बहुतेकदा ही चाल अशीच, नकळत खेळली जाते.

तिसरे, माची पाडली म्हणजे बालेकिल्लाही पडला असे समजू नये. ही चूक हुशार माणसे करतात. कोल्हापूर शहर अलमट्टीमुळे बुडत नाही, हे दाखवून झाले की शिरोळचा फुगवटाही थोतांड आहे असे ते गृहीत धरतात. मोठा दावा चुकीचा ठरल्याने लहान दावा खोटा ठरत नाही. त्याचा निवाडा त्याच्याच पुराव्यावर व्हायला हवा.

येत्या पावसाळ्यात पंचगंगा पुन्हा चढू लागेल, आणि कट्ट्यावर पुन्हा अलमट्टी निघेल. तेव्हा पहिला प्रश्न ‘संबंध आहे की नाही’ असा नको. ‘कुठल्या गावात, किती फुटांचा, किती दिवसांचा, आणि ५१९ ला की ५२४ ला?’ असा हवा. या प्रश्नाला शिरोळचा शेतकरी उत्तर देऊ लागेल, कारण त्याला ते माहीत असते. शहरातल्या आपल्याला ते देता येणार नाही. आपल्या वाट्याला वेगळा प्रश्न येतो, निळ्या रेषेच्या आत गेल्या पंधरा वर्षांत किती भराव पडला आणि त्याला सही कुणाची आहे, हा. त्याचे उत्तर शोधायला कर्नाटकात जावे लागत नाही.